आरटीएक्स ३०६० म्हणजे नेमकं कोणतं? स्टुडिओच्या कार्डांच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै, राजारामपुरी

लग्नसराई संपली, आषाढ तोंडावर आला. स्टुडिओत मशीन उघडून बसायला वर्षातले हेच दिवस मिळतात. स्टुडिओचे मालक दादा, त्यांनी सकाळीच बोलावून घेतलं. त्यांच्याकडे तीन मशीन आहेत. मुख्य एडिटिंगच्या मशीनमध्ये जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यामध्ये जीटीएक्स १६६० टीआय, आणि अल्बमच्या मशीनमध्ये कार्डच नाही, प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर काम चालतं. तुळशीच्या लग्नाआधी मुख्य मशीनला नवीन कार्ड बसवायचं, जुन्या दोनपैकी एक ठेवायचं, एक विकायचं आणि अल्बमच्या मशीनलाही काहीतरी छोटं द्यायचं, असं ठरलं.

सगळ्यात मोठी तक्रार संध्याकाळच्या शूटिंगची. हॉलमधल्या कमी उजेडात काढलेल्या ४के क्लिपवर दाणे येतात. ते घालवायला एडिटर ताई डाविंची या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावतात आणि मशीन तिथंच बसतं. कधी कधी `Your GPU memory is full` असं लिहून येतं. टेम्पोरल नॉइज रिडक्शनमध्ये कार्डाला मागच्या-पुढच्या अनेक फ्रेम एकाच वेळी मेमरीत धरून त्या परत परत वाचाव्या लागतात. म्हणून या कामासाठी कार्ड निवडताना हिशेब करणारे नुसते कोअर मोजून भागणार नाही, मेमरी किती आणि ती किती वेगाने वाचली जाते हेही बघावं लागेल.

दादा म्हणाले, "सुपर विकून टाकूया, टीआय ठेवूया. टीआय वरचं असतंय की." मी लगेच हो म्हटलं नाही. आधी बघून सांगतो म्हणालो.

३ जुलै

सुपर काढून टेबलावर घेतलं. तीन सीझनची धूळ पंख्यात घट्ट बसलेली आणि थर्मल पेस्ट सुकून पापडासारखी सुटत होती. तशीही बदलायचीच होती म्हणून हीटसिंक काढला. मधोमध मुख्य चिप, तिच्या तीन बाजूंना मेमरीच्या काळ्या चौकोनी चिप. मोजल्या, सहा भरल्या.

बसची रुंदी काय असते ते इथं डोळ्यांना दिसतं. जीडीडीआर मेमरीची प्रत्येक चिप मुख्य चिपला ३२ बिटच्या वाटेने जोडलेली असते. सहा चिप म्हणजे सहा वाटा, ६ × ३२ = १९२ बिट. प्रत्येक वाटेवरून माल किती वेगाने जातो हा दुसरा आकडा. तो चिपच्या जातीवर ठरतो आणि दर पिनला सेकंदाला किती गिगाबिट असा सांगतात. दोन्हींचा गुणाकार केला आणि बिटचे बाइट करायला ८ ने भागलं की बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो तो आकडा, आली:

```
bandwidth (GB/s) = bus width (bit) × data rate (Gbps) / 8
```

सुपरवर १४ गिगाबिटची जीडीडीआर६ आहे: १९२ × १४ / ८ = ३३६ जीबी प्रति सेकंद. टीआयवरही सहाच चिप, बसही १९२ बिट, पण मेमरी १२ गिगाबिटची: २८८ जीबी. म्हणजे नावाने "वरचं" असलेलं टीआय इथं मागे आहे. कोअरमध्ये मात्र टीआय पुढे, १५३६ विरुद्ध सुपरचे १४०८.

असं का झालं ते तारखांवरून उलगडतं. टीआय आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यानंतर महिन्याभरात साधं १६६० आलं. त्यात कोअर १४०८ आणि मेमरी जुन्या पद्धतीची, ८ गिगाबिटची जीडीडीआर५, त्यामुळे बँडविड्थ फक्त १९२. ऑक्टोबर २०१९ मध्ये सुपर आलं तेव्हा साध्या १६६० चे कोअर तसेच ठेवून फक्त मेमरी बदलली, आणि त्या वेळी १४ गिगाबिटच्या चिप लावल्या. म्हणून सुपर कोअरने टीआयच्या खाली आणि मेमरीने टीआयच्या वर. "सुपर" आणि "टीआय" या शेपट्या एका शिडीच्या पायऱ्या नाहीत. त्या त्या पिढीत, त्या त्या आकड्यापुढे कंपनीने काय वाढवलं एवढंच त्यातून कळतं आणि तेही प्रत्येक वेळी वेगळं असतं.

पेस्ट लावून सुपर परत बसवलं. ताईंच्याच एका हळदीच्या क्लिपवर दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये आलटून पालटून चालवली. फरक इतका किरकोळ की दोनदा चालवल्यावर क्रमही उलटा झाला. एकाचे कोअर जास्त, दुसऱ्याची मेमरी वेगवान, दोन्ही मिळून बरोबरी.

दादांना सांगितलं: कोणतंही ठेवा, कामात फरक पडणार नाही. पण विकताना गिऱ्हाईक नावाला पैसे देतं, म्हणून टीआय विका. हे त्यांना लगेच पटलं.

८ जुलै

नवीन कार्डासाठी दोन दुकानांची कोटेशन आली. दोन्हींवर ओळ एकच: आरटीएक्स ३०६०, जीडीडीआर६. एक दुसऱ्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त. दादांनी स्वस्त कोटेशनवर टिक करून फोटो पाठवला होता.

त्या दुकानात फोन करून मेमरी किती आहे विचारलं. आधी "३०६० आहे ओ, सगळी सेमच असतात" असं उत्तर मिळालं. बॉक्स बघून सांगा म्हटल्यावर कळलं, ८ जीबी.

दादा म्हणाले, "चार जीबीचाच फरक ना? चालवून घेऊ." त्यांना कागदावर काढून दाखवलं, इथंही मांडून ठेवतो, कारण सगळं कोडं याच ठिकाणी आहे.

३०६० पहिल्यांदा फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं ते १२ जीबीचं. त्यात सहा चिप, प्रत्येक २ जीबीची. बस १९२ बिट, मेमरी १५ गिगाबिटची: १९२ × १५ / ८ = ३६० जीबी प्रति सेकंद. २०२२ च्या शेवटी त्याच नावाने ८ जीबीचं आलं. चिप त्याच २ जीबीच्या, म्हणजे ८ जीबीला चार चिप लागल्या. चार चिप म्हणजे चार वाटा, १२८ बिट. १२८ × १५ / ८ = २४०.

दुकानदाराच्या दृष्टीने चार जीबी कमी. कार्डाच्या दृष्टीने दोन चिप गेल्या आणि त्यांच्याबरोबर दोन वाटाही गेल्या. सहा पदरी रस्ता चार पदरी झाला. कोअर दोन्हींमध्ये ३५८४ च, जाहीर केलेला क्लॉकही तोच. तेवढेच कोअर आता दोन-तृतीयांश पुरवठ्यावर जगणार.

म्हणून मेमरीचा आकडा बदलला की सगळ्यात आधी विचारायचं: चिप कमी झाल्या का, की चिप तेवढ्याच राहून छोट्या आल्या? जीटीएक्स १०६० च्या वेळी ६ जीबी आणि ३ जीबी अशी दोन कार्डं होती. त्यात बस दोन्हींची १९२ बिटच राहिली, चिप निम्म्या क्षमतेच्या लावल्या होत्या, आणि कमी केले होते ते कोअर, १२८० चे ११५२. उलट बाजूचं उदाहरणही आहे. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबीत आलं. १६ जीबीवाल्यात एकेका वाटेवर दोन-दोन चिप आहेत, म्हणून मेमरी दुप्पट झाली तरी बस १२८ बिट आणि बँडविड्थ २८८ च राहिली. मेमरीचा आकडा एकटा वाचून यातलं काहीच कळत नाही. बसचा आकडा मागावाच लागतो.

१२ जीबीचं सांगून ठेवलं.

१२ जुलै

नुसत्या गणितावर दादांचे अडीच हजार जास्त घालवायला मन तयार होत नव्हतं. इचलकरंजीतल्या ओळखीच्या स्टुडिओत ८ जीबीचं ३०६० आहे. त्यांचंही काम सध्या थंड आहे, म्हणून दोन आठवड्यांसाठी मागून आणलं. दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये, त्याच ड्रायव्हरवर, त्याच क्लिपवर चालवता येतील. वेगवेगळ्या मशीनवरची तुलना मला कधीच पटत नाही. प्रोसेसर, डिस्क, कॅबिनेटमधली हवा, सगळंच बदललेलं असतं.

२३ जुलै

पावसाने आठवडाभर झोडपलं, पार्सल अडकून पडलं होतं. आज कार्ड आलं. बॉक्सवर १२ जीबी लिहिलंय, पण बसवल्यावर तपासल्याशिवाय पावती सही करायची नाही हा माझा नियम.

आधी हे चालवलं:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total,clocks.max.memory --format=csv
```

उत्तर: `NVIDIA GeForce RTX 3060, 12288 MiB, 7501 MHz`. मग इचलकरंजीचं कार्ड लावून तेच चालवलं: `NVIDIA GeForce RTX 3060, 8192 MiB, 7501 MHz`. नाव अक्षर न् अक्षर सारखं. मेमरीचा क्लॉक सारखा. बस किती, ते या ओळीत येतच नाही. क्लॉक सारखा बघून कोणीही म्हणेल की मेमरी सारख्याच वेगाची आहे. आणि दर पिनमागे ती तशी आहेच. वाटा किती हे लपून राहतं.

त्यासाठी कार्डाची सगळी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं. `Bus Width` समोर नव्यात `192 bit`, इचलकरंजीच्यात `128 bit`. `Bandwidth` समोर `360.0 GB/s` आणि `240.0 GB/s`. सही केली.

ताई शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तिथं मेमरी क्लॉक १८७५ दाखवतंय, मघाशी ७५०१ होतं, आणि तुम्ही तर १५ म्हणत होता. नक्की कोणतं धरायचं?" प्रश्न अगदी योग्य. या तीन आकड्यांनी मीही पूर्वी एकदा चकलो होतो.

तिन्ही एकाच मेमरीचे आकडे आहेत. जीपीयू-झेड मूळ क्लॉक दाखवतं, १८७५ मेगाहर्ट्झ. जीडीडीआर६ मध्ये त्या एका ठोक्यात दर पिनवरून आठ बिट जातात: १८७५ × ८ = १५०००, म्हणजे १५ गिगाबिट. `nvidia-smi` मधला आकडा त्याच्या निम्मा असतो, म्हणून ७५०१ ला दोनने गुणायचं. जुन्या जीडीडीआर५ ला जीपीयू-झेडमध्ये आठऐवजी चारने गुणावं लागतं. म्हणून साध्या १६६० चा मेमरी क्लॉक तिथं २००० च्या आसपास दिसतो आणि सुपरचा १७५०. कोणालाही वाटेल सुपरची मेमरी हळू आहे. प्रत्यक्षात २००० × ४ म्हणजे ८ गिगाबिट आणि १७५० × ८ म्हणजे १४. मेमरीची जात बघितल्याशिवाय दोन कार्डांचे क्लॉक शेजारी ठेवायचे नाहीत.

२४ जुलै

आज दिवसभर तुलना. आधी नुसती मेमरी. कार्डातल्याच एका जागेवरून दुसऱ्या जागी एक जीबीचा डेटा पन्नास वेळा उतरवायचा आणि वेळ मोजायचा:

```python
import torch, time
n = 256 * 1024 * 1024
a = torch.zeros(n, device="cuda")
b = torch.empty_like(a)
b.copy_(a); torch.cuda.synchronize()
t = time.time()
for _ in range(50): b.copy_(a)
torch.cuda.synchronize()
print(50 * 2 * n * 4 / (time.time() - t) / 1e9)
```

मधला `2` विसरायचा नाही, कारण प्रत्येक वेळी एकदा वाचणं आणि एकदा लिहिणं होतं. शेवटच्या `synchronize` शिवायही चालणार नाही. ते नसेल तर कार्डाने काम संपवायच्या आधीच घड्याळ थांबतं आणि हजारोंत आकडा येतो. असा अचाट आकडा दिसला की चूक तिथंच शोधायची.

१२ जीबीवर ३२५ च्या आसपास, ८ जीबीवर २१७ च्या आसपास. कागदावरचा पूर्ण आकडा कधीच मिळत नाही. मेमरीला मधूनमधून स्वतःची उजळणी करावी लागते, वाचण्यावरून लिहिण्यावर वळताना वेळ जातो. नऊ-दशांश मिळाला की कार्ड ठीक आहे असं मी धरतो. दोन्हींचं प्रमाण मात्र गणिताप्रमाणे आलं, तीनास दोन.

मग खरं काम. तीच हळदीची क्लिप, चार मिनिटांची, ४के, टेम्पोरल नॉइज रिडक्शनसकट. १२ जीबीवर सहा मिनिटं दहा सेकंद. ८ जीबीवर सात मिनिटं पस्तीस. बँडविड्थ एक-तृतीयांशाने कमी, पण वेळ पावपटीपेक्षाही कमी वाढला. कारण कामाचा काही भाग कोअरचा आहे, काही डिस्क आणि प्रोसेसरचा, आणि तिथं दोन्ही कार्डं सारखीच.

मग नॉइज रिडक्शन काढून फक्त रंग दुरुस्त करून तीच क्लिप एक्स्पोर्ट केली. फरक दोन-तीन सेकंदांचा, म्हणजे नाहीच. व्हिडिओ एन्कोड करणारा भाग दोन्हींमध्ये एकच आहे आणि त्याला एवढी रुंद बस लागतच नाही. दादांचं काम नुसतं कट-जोड आणि एक्स्पोर्टचं असतं, तर मी त्यांना अडीच हजार वाचवायलाच सांगितलं असतं.

शेवटी ताईंनी त्यांच्या नेहमीच्या सवयीने त्याच क्लिपवर आणखी दोन इफेक्ट चढवले. ८ जीबीवर `Your GPU memory is full` आलं. १२ जीबीवर क्लिप शेवटपर्यंत चालली.

२८ जुलै

दादांचा भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी आरटीएक्स ४०६० आहे. माझी वही वाचून मला म्हणाला, "मग माझं कार्ड मामांच्या नवीन कार्डापेक्षा हळू? बस १२८ बिट, १७ गिगाबिट, २७२ येतंय. इथं ३६० आहे." गणित त्याचं बरोबर. निष्कर्ष बरोबर नाही. आणि या चुकीची भीती मला पहिल्या दिवसापासून होती.

संध्याकाळी त्याला मशीन घेऊन यायला सांगितलं. मोठ्या डेटावर तोच कोड चालवला, २४५ च्या आसपास आलं. मग `n` कमी करून तुकडा ४ एमबीचा केला आणि फेऱ्या पन्नासच्या पाच हजार केल्या. आकडा २७२ च्या दुपटीच्या आसपास गेला. मेमरीची वाट एवढं देऊच शकत नाही, म्हणजे डेटा मेमरीपर्यंत गेलाच नाही. ४०६० च्या मुख्य चिपमध्येच २४ एमबीचा एल२ कॅश, म्हणजे आतली वेगवान साठवण, आहे. ४ एमबी वाचायचे आणि ४ लिहायचे, आठही तिथंच मावले. तोच छोटा तुकडा १२ जीबीच्या ३०६० वर चालवला, आकडा ३२५ वरून फारसा हलला नाही. त्याचा एल२ फक्त ३ एमबीचा आहे.

या पिढीत कंपनीने बस अरुंद केली आणि चिपच्या आत मोठी साठवण दिली. परत परत लागणारा डेटा आतच राहिला की बाहेरच्या वाटेवर गर्दी कमी होते, म्हणून ४०६० खेळांमध्ये ३०६० च्या पुढे जातं. एएमडीने आरएक्स ६००० पासून इन्फिनिटी कॅश देऊन हेच केलं. आरएक्स ६६०० ची बस १२८ बिट, बँडविड्थ २२४, आणि आत ३२ एमबीचा कॅश.

म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: बस आणि बँडविड्थची थेट तुलना एकाच पिढीतल्या कार्डांमध्येच करायची. १६६० सुपर आणि टीआय, ३०६० ची दोन रूपं, इथं गणित चोख चालतं. ३०६० आणि ४०६० शेजारी ठेवले की कॅश, कोअर आणि क्लॉक सगळंच बदललेलं असतं. तिथं आपलंच काम दोन्हींवर चालवून बघण्याला पर्याय नाही.

भाच्याच्या कार्डावर आमची क्लिपही लावली. नॉइज रिडक्शन आमच्या १२ जीबीपेक्षा थोडं लवकर झालं. ताईंचे दोन जादा इफेक्ट चढवल्यावर तिथंही मेमरी भरली, कारण तेही ८ जीबीच. त्याला सांगितलं, खेळायला तुझं कार्ड छान, या स्टुडिओला १२ जीबीच बरं.

३ ऑगस्ट

अल्बमचं मशीन राहिलं होतं. कॅबिनेट छोटं, एसएमपीएस जुना, कार्डासाठी वेगळी पॉवर केबल नाही. इथं मी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप सुचवलं. हेही एकाच नावाचं जोडकार्ड आहे. पहिल्या ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर, १२८ बिट, १४ गिगाबिट, म्हणजे २२४ जीबी प्रति सेकंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीत तीन चिप, ९६ बिट, १६८ जीबी, आणि कोअरही २३०४. इथं ३०६० सारखं नुसतं मेमरीवर भागलं नाही, दोन्हीकडे कात्री लागली.

पण ते ७० वॉटवर चालतं आणि स्लॉटमधूनच पॉवर घेतं. अल्बमची पानं जुळवायला आणि छापण्याआधी फोटो तपासायला १६८ भरपूर आहे. एसएमपीएस बदलायचा खर्च वाचला. कोटेशनमध्ये दुकानदाराकडून `RTX 3050 6GB, 96-bit` असं पूर्ण लिहून घेतलं, म्हणजे ८ जीबीचा भाव लावायला जागा उरली नाही.

कार्ड बसवलं, जीपीयू-झेडमध्ये `96 bit` आणि `168.0 GB/s` बघून घेतलं. इचलकरंजीचं कार्ड उद्या सकाळच्या एसटीने परत जाईल. टीआय विकायला काढलंय. तिन्ही मशीनच्या बाजूला पट्टी चिकटवून त्यावर कार्डाचं नाव, मेमरी, बस आणि मोजलेला आकडा लिहून ठेवला. ताईंनी मुख्य मशीनच्या पट्टीवर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "हळदीची क्लिप, ६ मि. १० से."